रजेच्या अर्जावर सही कोणाची?

कंपनीची नवी रचना जाहीर झाली की माणसं तक्त्यात आधी स्वतःचं नाव शोधतात आणि मग त्याच्या वरच्या चौकटीतलं. बाकीचा तक्ता कोणी वाचत नाही. साहेबांनी महिनोन् महिने खपून केलेलं सादरीकरण, त्यातले बाण, रंग, 'ग्राहककेंद्री' वगैरे शब्द, हे सगळं त्या दोन चौकटींच्या पलीकडे राहतं. यात लोकांचं काही चुकत नाही. वरच्या चौकटीतला माणूस बदलला की रजेच्या अर्जावरची सही बदलते, गेटपास कोणाकडे मागायचा ते बदलतं, ओव्हरटाइमला कोणाला बोलावलं जाणार ते बदलतं आणि मार्चअखेरीस आपल्याबद्दल चार ओळी कोण लिहिणार तेही बदलतं. कारखान्यात रिपोर्टिंग म्हणजे एवढंच, आणि हे काही थोडं नाही.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात एचआर बघते. पावणेदोनशेच्या आसपास माणसं, प्रेस शॉप, वेल्डिंग, टूल रूम आणि मागच्या अंगाला डिस्पॅच. पत्र्याचे भाग बनतात. काही गाड्यांना जातात, काही स्विचगिअरवाल्यांना. आमच्याकडे जी फेररचना झाली ती कागदावर साधी होती. आधी सगळं उत्पादन एका माणसाकडे होतं, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. तपासणीची माणसं क्वालिटीकडे, फिटर आणि इलेक्ट्रिशियन मेंटेनन्सकडे, स्टोअर वेगळं, डिस्पॅच वेगळं. आता दोन सेल झाले. सेल १ मध्ये गाड्यांचे भाग, सेल २ मध्ये स्विचगिअरचे. प्रत्येक सेलला एक हेड, त्याच्याकडे त्याच्या मशिनी, त्याचे ऑपरेटर, त्याचे फिटर. स्टोअर आणि डिस्पॅच एकत्र होऊन 'मटेरियल' असा एकच विभाग झाला.

कारणही तितकंच साधं होतं. २०० टनांची प्रेस दोन्ही ग्राहकांच्या भागांना लागायची आणि आज तिच्यावर कोणाची डाय, म्हणजे भागाचा साचा, चढवायची हे फक्त अण्णा ठरवायचे. अण्णा लग्नाला गेले की डाय खाली उभी, सेटर चहाच्या टपरीवर आणि दोन्ही ग्राहकांचे फोन थेट साहेबांना. अण्णांचा निर्णय बहुतेक वेळा बरोबर असायचा, पण तो मिळेपर्यंत दुपार व्हायची. दुसरी तशीच प्रेस आल्यावर ही अडचण कायमची मोडायची संधी होती, म्हणून दोन सेल.

हे कारण मी मुद्दाम सांगितलं, कारण जाहीर करताना बहुतेक ठिकाणी हेच गाळतात. 'वाढत्या व्यवसायाच्या गरजा लक्षात घेऊन' असं काहीतरी लिहितात. शॉपवरच्या माणसाला त्यातून काही कळत नाही, मग तो स्वतःचं कारण शोधतो. ते नेहमी एकच असतं : माणसं कमी करायची असणार. प्रेसचं भांडण मात्र सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं, त्यामुळे ते सांगितलं की पटायला वेळ लागत नाही.

आमची तयारी सुरू झाली ती तक्त्यापासून नाही, एका लांबलचक एक्सेलपासून. एका माणसाला एक ओळ. आजचं काम, उद्याचं काम, आजचे साहेब, उद्याचे साहेब, बसायची किंवा उभं राहायची जागा, पाळी, ग्रेड, पगार, रजा कोण मंजूर करणार, ओव्हरटाइम कोण लावणार, यंदाचं मूल्यमापन कोण लिहिणार, आणि आजच्या कामातलं काय दुसऱ्याच्या हाती द्यायचं. तक्ता काढताना चौकटी सुबक बसतात. ओळी भरताना मात्र एकेका ठिकाणी पेन अडतं, आणि जिथे अडतं तिथे रचनाच अजून ठरलेली नसते. आमचं सगळ्यात मोठं अडखळणं इलेक्ट्रिशियनांवर झालं. फिटर पुरेसे होते, दोन सेलमध्ये वाटले गेले. इलेक्ट्रिशियन मोजून तीन. तीन माणसं दोन सेलमध्ये आणि तीन पाळ्यांत कशी वाटणार? शेवटी ते मेंटेनन्सकडेच राहिले. त्याचं पुढे काय झालं ते येईलच.

ओळी भरून झाल्या की आपोआप ढीग पडतात. सगळ्यात मोठा ढीग काहीच न बदलणाऱ्यांचा. मग ज्यांच्या साहेबांचं फक्त नाव बदलतं ते. मग ज्यांचं कामच थोडं बदलतं ते. आणि शेवटी मूठभर माणसं अशी, की ज्यांचं काहीतरी जातं : हाताखालची माणसं, सहीचा अधिकार, केबिन, किंवा इतकी वर्षं मिळत आलेला मान. पहिल्या ढिगाला बहुतेक कंपन्या काहीच कळवत नाहीत, कारण कळवण्यासारखं काही नाही असं वाटतं. पण टूल रूमच्या माणसाने शेजारच्या तिघांच्या हातात पत्रं पाहिली आणि आपल्याला मिळालं नाही, की त्याला रात्री झोप लागत नाही. म्हणून आमच्याकडे पत्र सगळ्यांना होतं. काहींच्या पत्रात एवढंच : तुमचं काम, साहेब, पाळी, जागा, पगार, काहीच बदलत नाही.

आता अण्णा. त्यांच्या हाताखाली नव्वदच्या वर माणसं होती. नव्या रचनेत ते प्रोसेस इंजिनिअरिंगचे प्रमुख होणार होते आणि त्यांच्याकडे चार माणसं असणार होती. पगार तोच, ग्रेड तीच. सेल २ ची हेड म्हणून जिला निवडलं ती इंजिनिअर अण्णांच्याच हाताखाली ट्रेनी म्हणून आलेली.

अशा माणसाला कधी सांगायचं आणि कोणी, हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग. आमच्या साहेबांचं म्हणणं होतं की सगळ्या मॅनेजरांच्या मीटिंगमध्येच सांगू, म्हणजे कोणाला वेगळं काढल्यासारखं वाटणार नाही. मी हट्ट धरला की नाही. ज्याचं जातं त्याला ज्याला मिळतं त्याच्या आधी कळलं पाहिजे, आणि एकट्याला, समोर बसून. मीटिंगमध्ये कळलं तर त्याचा पहिला चेहरा सगळे बघतात, आणि माणूस तो प्रसंग पुढे कधीच विसरत नाही. नव्या हेडना तत्त्वतः विचारून ठेवावंच लागतं, नाहीतर ऐन वेळी नकार आला तर सगळं कोसळेल. त्यामुळे त्यांना विचारणं आणि अण्णांना सांगणं यात एका रात्रीपेक्षा जास्त अंतर नको, असं ठरलं. आदल्या दिवशी दुपारी दोघा हेडना विचारलं, संध्याकाळी सहाला अण्णांना बोलावलं.

साहेबांनी सुरुवात 'तुमच्या अनुभवाचा कंपनीला आणखी उपयोग व्हावा म्हणून' अशी केली. अण्णांनी ते वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही.

"साहेब, सरळ सांगा. माझ्याकडे माणसं किती राहणार?"

"चार."

अण्णांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला. मग म्हणाले, "पगार?"

"तोच. ग्रेड तीच. पत्रात लिहिलंय."

"आणि पोरांना कोण सांगणार?"

पोरं म्हणजे त्यांचे सहा सुपरवायझर. सगळ्यांना त्यांनीच घडवलेलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या वेळापत्रकात ते काम दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचं होतं. अण्णा म्हणाले, "त्यांना मी सांगतो. माझ्या तोंडून ऐकलं तर ते ऐकतील. तुमच्या तोंडून ऐकलं तर माझ्याकडे येऊन विचारतील, अण्णा, हे काय झालं, आणि मग मी काय बोलेन ते मलाच माहीत नाही."

धोका होताच. रागात असलेल्या माणसाच्या हाती बातमी द्यायची. पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, आणि साहेब हो म्हणाले. फक्त एवढं ठरलं की सकाळी साडेआठच्या आत, मी शेजारी उभी असताना, आणि पत्रात आहे तेवढंच. दुसऱ्या दिवशी अण्णांनी ते तीन मिनिटांत उरकलं. शेवटी म्हणाले, "मला आवडलेलं नाही. पण प्रेसचं भांडण खरं आहे." इतकं खरं आमच्यापैकी कोणी लिहूनही दिलं नसतं.

इथे माझं एक ठाम मत आहे. पद घटलं असेल तर ते बढतीच्या कागदात गुंडाळू नये. 'वरिष्ठ सल्लागार', 'मार्गदर्शक', 'विशेष प्रकल्प' ही नावं लोक ओळखून असतात, आणि ज्याला ती मिळतात तो तर सगळ्यात आधी ओळखतो. त्यापेक्षा त्याच्या हातात काय उरलं आहे ते नेमकं लिहून द्यावं. अण्णांच्या पत्रात होतं : नव्या भागाची डाय चाचणीत पास की नापास, हा निर्णय तुमचा एकट्याचा. डाय बदलायला लागणारा वेळ दोन्ही सेलमध्ये कमी करणं हे तुमचं काम, आणि त्यासाठी कोणतीही प्रेस एक पाळी थांबवायचा अधिकार तुम्हाला, सेल हेडला आदल्या दिवशी सांगून. पंचवीस हजारांपर्यंतच्या सुट्या भागांच्या खरेदीवरची सही मात्र आता सेल हेडकडे. यातलं शेवटचं वाक्य वाचताना ते थांबले, पण ते पत्रात नसतं आणि महिन्याने स्टोअरवाल्याने त्यांची चिठ्ठी परत केली असती, तर ते कितीतरी वाईट झालं असतं.

दिवस बुधवार निवडला होता, गणपती उठल्यानंतरचा. शुक्रवारी जाहीर केलं की माणसं शनिवार-रविवार एकमेकांना फोन करत बसतात आणि उत्तरं द्यायला कोणी जागेवर नसतं. महिन्याची पहिली तारीख ते सात पगाराच्या गडबडीत, तेव्हा पावतीतला दहा रुपयांचा फरकही नव्या रचनेच्या माथी मारला जातो. दिवाळी-बोनसच्या तोंडावर तर असलं काही काढूच नये. बुधवारी सांगितलं की गुरुवार-शुक्रवार उत्तरं द्यायला मिळतात.

क्रम असा : साडेआठला सुपरवायझर, नऊ ते साडेदहा ज्यांचं काम बदलतं त्यांना एकेकट्याने, त्यांच्या नव्या साहेबांसमोर. पावणेअकराला युनियनच्या कमिटीशी बसणं. साडेतीनला पहिली पाळी सुटताना आणि दुसरी चढताना कॅन्टीनसमोर सगळ्यांना एकत्र. आणि रात्री बाराला तिसरी पाळी. ही तिसरी पाळी सगळीकडे विसरली जाते. तिला सकाळी नोटीस बोर्डावर कळतं, म्हणजे खरं तर रात्रीच व्हॉट्सअॅपवर कळतं, तेही कोणीतरी अर्धवट सांगितलेलं. आमचे साहेब रात्री बाराला गंगापूर रोडवरून गाडी काढून आले. बोलले दहाच मिनिटं. पण 'साहेब रात्री आले होते' ही बातमी दुसऱ्या दिवशी फेररचनेपेक्षा मोठी होती.

पत्र मराठीत होतं आणि एका पानाचं. एका फिटरचं पत्र इथे देते, नाव वगळून :

'१ ऑक्टोबरपासून तुमचे रोजचे काम सेल २ मध्ये असेल. तुमच्या सेल हेड रोजचे काम ठरवतील. रजा, गेटपास आणि ओव्हरटाइम यांची मंजुरी त्याच देतील. पाळीचे चक्र, हजेरी क्रमांक, ग्रेड, पगार आणि शिल्लक रजा यांत कोणताही बदल नाही. मंजूर झालेल्या रजा तशाच राहतील. यंदाच्या मूल्यमापनात एप्रिल ते सप्टेंबरची नोंद मेंटेनन्स प्रमुख आत्ताच लिहून देतील आणि ती तुम्हाला दाखवतील. ऑक्टोबर ते मार्चची नोंद सेल हेड लिहितील. सेल १ मध्ये मोठा बिघाड झाल्यास तुम्हाला तिकडे बोलावता येईल, पण ते तुमच्या सेल हेडच्या सांगण्यावरून. टूल किट तुमच्याकडेच राहील. शंका असल्यास आधी सेल हेड, मग एचआर.'

यातलं मूल्यमापनाचं वाक्य लहान दिसतं, पण वर्षाच्या मध्यात साहेब बदलला की हीच ठिणगी पडते. नवा साहेब म्हणतो, मी याला सहाच महिने पाहिलं. जुना म्हणतो, आता तो माझा माणूस नाही. मधल्या मध्ये त्या माणसाला 'समाधानकारक' मिळतं आणि वर्षभराची इन्क्रिमेंट सरासरीवर जाते. म्हणून जुन्या साहेबाची नोंद बदलाच्या तारखेच्या आधी हातात पाहिजे, आठवण ताजी असताना, आणि माणसाला दाखवून.

'बदल नाही' हे शब्द लिहिताना मी सगळ्यात जास्त वेळ घेतला. ते खरे नसतील तर पुढचं एकही पत्र कोणी मानत नाही. डिस्पॅचच्या लोकांच्या बाबतीत ते लिहिताच आले नाहीत. ते आधी जनरल शिफ्टला होते, आता त्यांना दोन पाळ्या लागणार होत्या. साहेब कोण हे बदलायला कामगार कायदा नोटीस मागत नाही. पण स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या मंजूर सेवानियमांत, नसलेली पाळी सुरू करायची किंवा बदलायची, तर तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-एप्रमाणे कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागायची. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही मुदत २१ दिवसांचीच आहे. त्यामुळे बाकी सगळ्यांची तारीख १ ऑक्टोबर आणि डिस्पॅचच्या पाळ्यांची तारीख त्यानंतर दोन आठवड्यांनी. साहेबांना हे दोन तारखांचं प्रकरण गबाळं वाटत होतं, सगळं एकदम व्हावं असं त्यांना वाटायचं. पण पाळी बदलली की पाथर्डी फाट्याहून येणारी कंपनीची बस बदलते, मुलांना शाळेत सोडणं बदलतं. हा बदल साहेबांच्या नावापेक्षा फार मोठा आहे, त्याला जास्त दिवस मिळाले तर बिघडलं कुठे? युनियनच्या कमिटीने तासभर घेतला, पण सगळा तास या पाळीवरच. तक्त्यावर त्यांचा एकही प्रश्न नव्हता.

आता इन्स्पेक्टरांचा विषय, ज्यावर आम्ही सगळ्यात जास्त भांडलो. सेलला स्वतःच्या मशिनी, स्वतःचे ऑपरेटर आणि स्वतःचे फिटर मिळाले, मग लाइनवरचे इन्स्पेक्टर का नकोत? दोन्ही सेल हेड एकसुरात तेच म्हणत होते. क्वालिटीचे प्रमुख पेटलेले. मग कोणीतरी नेहमीचा तोडगा काढला : पक्की रेघ क्वालिटीकडे, तुटक रेघ सेलकडे, म्हणजे मुख्य साहेब एक आणि जोडीला दुसरा. तुटक रेघ काढायला सोपी, आणि मीटिंग त्या दिवसापुरती संपते. पण तुटक रेघेखालच्या माणसाला कोणी विचारत नाही की तू सोमवारी सकाळी कोणाचं ऐकणार.

मी पाच प्रश्न फळ्यावर लिहिले. आजचं काम कोण देणार? रजेवर सही कोणाची? मूल्यमापन कोण लिहिणार? दुसरीकडे बदली कोण करू शकतो? आणि दोन साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या तर शेवटचा शब्द कोणाचा? पाचांची उत्तरं मिळाली की रेघ पक्की काढा नाहीतर तुटक, काही फरक पडत नाही. आमची उत्तरं अशी निघाली. कोणता भाग आधी तपासायचा हा क्रम सेल हेड ठरवणार. रजा, मूल्यमापन आणि बदली क्वालिटीकडे. रजा देताना सेल हेडला कळवायचं, परवानगी मागायची नाही.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला ठरवायचं नव्हतंच, ते आधीच ठरलेलं होतं. गाड्यांचे भाग बनवणाऱ्यांना आयएटीएफ १६९४९ हे मानक पाळावं लागतं, आणि त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत कलम ५.३.२ मध्ये स्वच्छ म्हटलं आहे की मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी असलेल्यांना उत्पादन आणि रवानगी थांबवायचा अधिकार असला पाहिजे, आणि प्रत्येक पाळीत असा जबाबदार माणूस हजर असला पाहिजे. रात्रीच्या पाळीतल्या इन्स्पेक्टरने लॉट थांबवला तर तो थांबला. तो सोडायचा निर्णय क्वालिटीचा, सेल हेडचा नाही. स्विचगिअरच्या सेलला हे मानक लागू नाही, पण एका शेडमध्ये दोन नियम ठेवले तर दोन्ही मोडतात, म्हणून दोन्हीकडे तेच.

सेल हेड काही वाईट माणसं नाहीत. पण महिन्याच्या तीस तारखेला त्यांच्या डोक्यावर रवानगीचा आकडा असतो. त्याच दिवशी इन्स्पेक्टर होल्डचं पिवळं लेबल हातात घेऊन उभा असतो, आणि त्याची इन्क्रिमेंट या माणसाच्या हातात असेल तर लेबल चिकटवताना हात जरा थांबतो. एवढंच टाळायचं होतं. हे बिघडतंय का ते ओळखायची खूणही आहे : फेररचनेनंतर होल्डचा माल एकदम कमी झाला आणि ग्राहकाकडून परत येणारा मात्र तेवढाच राहिला किंवा वाढला, तर गुणवत्ता सुधारलेली नाही, लेबलं कमी लागतायत. आम्ही हे दोन आकडे पुढचे काही महिने शेजारी-शेजारी ठेवले. इन्स्पेक्टरांच्या पत्रात मुख्य वाक्य असं होतं : 'माल थांबवल्याबद्दल तुमच्या सेल हेडला तुमच्याविरुद्ध लेखी तक्रार करायची असेल तर ती क्वालिटी प्रमुखांकडे येईल, आणि ती तुम्हाला दाखवली जाईल.' हे वाक्य वाचून एका इन्स्पेक्टरने ते पान घडी करून पाकिटात ठेवलं.

साडेतीनच्या सभेत साहेब बोलले, प्रेसचं कारण सांगितलं, कोणालाही कामावरून कमी करायचं नाही हे सांगितलं. मग विचारलं, काही शंका? मागून हात वर आला.

"दिवाळीची रजा अण्णांनी तोंडी दिलीय. ती चालेल का?"

सगळे हसले, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. अण्णांकडे एक जाड, रबर लावलेली डायरी आहे. कोणाच्या बहिणीचं लग्न कधी, कोणाला रात्रपाळी झेपत नाही, कोणाची आई सिव्हिलमध्ये, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणाची द्राक्षबाग कुठे. आमच्याकडे दिंडोरी आणि निफाडकडून येणारी बरीच मुलं आहेत. ऑक्टोबर उजाडला की छाटणी, मग डिपिंग, फवारण्या, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. छाटणीच्या दिवसांत बागवाल्या पोरांना आळीपाळीने सोडायचं आणि बदल्यात त्यांनी मे महिन्यात जादा पाळ्या करायच्या, हा हिशोब अण्णा वर्षानुवर्षं तोंडी चालवत होते. कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये तो नव्हता. आणि आमची तारीख होती १ ऑक्टोबर. ऐन छाटणीत साहेब बदलणार, आणि नवी सेल हेड शहरातली, तिला छाटणी चुकली तर वर्ष जातं हे कोण सांगणार?

एक्सेलमध्ये त्या दिवशी एक नवा रकाना पडला : 'तोंडी ठरलेलं'. पुढच्या आठवड्यात प्रत्येक जुन्या साहेबाने नव्या साहेबाबरोबर बसून, एकेका माणसाचं नाव घेत, तो रकाना भरला. अण्णा आणि सेल २ च्या हेड सगळी दुपार बसले होते. मी मधून डोकावले तेव्हा अण्णा तिला थॉमसन आणि शरद सीडलेसच्या छाटणीतलं अंतर समजावत होते. तोंडी दिलेला शब्द नव्या साहेबाने पाळायचा, ज्याला तो पाळणं शक्य नाही त्याने ३० सप्टेंबरच्या आत त्या माणसाला समोर बोलावून सांगायचं, असं ठरलं. एकच शब्द मोडावा लागला आणि तोही वेळेत सांगून.

सॉफ्टवेअरबद्दल थोडं, कारण तिथेच बातम्या फुटतात. एका ठिकाणी, नाव नको, सभा बुधवारी होती आणि आयटीवाल्यांनी सोमवारीच रजेच्या अॅपमध्ये नवे साहेब टाकून ठेवले. एका पोराने अर्धा दिवस रजा टाकली आणि मंजुरीसाठी भलत्याच माणसाचं नाव आलं. त्याने स्क्रीनशॉट काढला, आणि दुपारपर्यंत सगळ्यांना तक्ता माहीत होता, तोही चुकीचा. म्हणून आमच्याकडे अॅपमधली नावं ३० सप्टेंबरच्या रात्री बदलली. त्याआधी संध्याकाळी जुन्या साहेबांकडे पडून असलेल्या सगळ्या रजांची आणि ओव्हरटाइमची यादी काढली आणि ती त्यांच्याकडून मोकळी करून घेतली. हे केलं नाही तर ते अर्ज जुन्या साहेबाच्या नावावर लटकतात, त्याला आता ते दिसत नाहीत, नव्याला कधी गेलेच नाहीत, आणि माणूस बागेत असताना गैरहजेरी लागते.

पहिल्या महिन्यात मी सभा घेत नव्हते, फक्त मशीन बंद पडली की फोन कोणाला जातो ते विचारत होते. सेल १ मध्ये लवकरच फोन नव्या हेडला जाऊ लागला. सेल २ मध्ये बराच काळ अण्णांनाच जायचा. अण्णा उचलायचे, ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मॅडमला सांग." ते फोन उचलत नसते तर राग समजला असता, आणि उत्तर देत बसले असते तर नवी रचना नुसती कागदावर राहिली असती. दिवाळीनंतर ते फोन थांबले. सेटर मात्र डाय नीट बसत नसली की अजून त्यांच्याकडेच जातात, आणि ते बरोबरच आहे, कारण ते काम आता अण्णांचंच आहे.

इलेक्ट्रिशियनांचं मात्र जुळलं नाही. तिघे मेंटेनन्सकडे राहिले आणि दोन्ही सेलमध्ये एकाच वेळी बिघाड झाला की दोन्ही हेड एकाच माणसाला हाका मारतात. आधी अण्णा सांगायचे कोणाकडे जायचं. आता ते मेंटेनन्स प्रमुखांनी सांगायचं, पण रात्री दोनला ते घरी असतात. म्हणजे प्रेसचं जे भांडण मिटवायला ही रचना केली, तेच लहान रूपात इथे शिल्लक आहे. चौथा इलेक्ट्रिशियन घ्यायची मागणी साहेबांकडे गेली आहे. तोपर्यंत रात्रपाळीला नियम असा : ज्या सेलच्या मालाची गाडी सकाळी आधी सुटणार, तिथे इलेक्ट्रिशियन आधी जाणार. गाड्यांची वेळ मटेरियलवाले संध्याकाळी सहाला दोन्ही सेलला लिहून देतात. सेल २ च्या हेडना हा नियम मान्य नाही, कारण त्यांच्या गाड्या दुपारी सुटतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा बसणार आहोत.